आचारसंहितेचं दोन पानी टिपण: नव्या माणसाला काय, कुणाला आणि कधी कळवायचं हे सांगताना

कंपनीची आचारसंहिता नव्या माणसाच्या हाती पडते ती जॉइनिंगच्या दिवशी, बँकेच्या फॉर्मपासून लॅपटॉपच्या पावतीपर्यंतच्या कागदांच्या गठ्ठ्यात. तीस-चाळीस पानांची ती पुस्तिका वाचली आणि समजली अशी सहीही त्याच दिवशी घेतली जाते. मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं की हे कुणी वाचत नाही, आणि एचआर किंवा कॉम्प्लायन्समधल्या एकाला सांगितलं जातं, "याचं दोन पानांत टिपण करून दे."

बहुतेक जण मग प्रत्येक प्रकरणाच्या दोन ओळी करतात. हाती येतं ते असं: "कर्मचाऱ्यांनी हितसंघर्ष टाळावा, अवाजवी भेटवस्तू स्वीकारू नयेत आणि गैरप्रकार आढळल्यास त्वरित कळवावे." यात चूक काहीच नाही, पण उपयोगही नाही. कोणतं नातं मोजायचं, अवाजवी म्हणजे केवढं, कळवायचं कुणाला, हे सगळं गळून गेलेलं असतं. नवा माणूस टिपण उघडतो ते काहीतरी समोर आल्यावर: व्हेंडरकडून पार्सल आलं, मेहुण्याची कंपनी टेंडर भरते आहे असं कळलं, साहेबांनी जुन्या तारखेच्या बिलावर सही मागितली. त्या घडीला काय करायचं ते टिपणात सापडायला हवं. म्हणून प्रकरणांचा क्रम सोडून द्यायचा आणि प्रसंगांवरून लिहायचं.

आधी कागद गोळा करा

नुसती आचारसंहिता पुढ्यात घेऊन टिपण लिहायला बसू नका. तिच्यात तत्त्वं असतात. आकडे, मुदती आणि फॉर्म बहुधा दुसरीकडे असतात. चार गोष्टी मागून घ्या: तारखेसह चालू आवृत्ती, भेटवस्तू आणि पाहुणचाराचं धोरण, हितसंघर्ष जाहीर करण्याचा फॉर्म, आणि तक्रार किंवा व्हिसलब्लोअर धोरण.

यातला फॉर्म सगळ्यात कामाचा असतो. आचारसंहितेत "नजीकचे नातेवाईक" एवढंच लिहिलेलं असतं, फॉर्ममध्ये मात्र कोणकोणती नाती, कितव्या टक्क्यापासूनची भागीदारी, गेल्या किती वर्षांतली नोकरी हे स्पष्ट विचारलेलं असतं. फॉर्म आणि आचारसंहिता यांच्यात फरक दिसला, आणि तो अनेकदा दिसतो, तर स्वतःच्या अंदाजाने मिटवू नका. कॉम्प्लायन्सला मेल टाकून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. टिपण लिहिणारा नियम ठरवायला बसलेला नसतो.

आता पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदं शोधा. "बंधनकारक आहे", "करावे", "करता येईल" आणि "पूर्वपरवानगीशिवाय करू नये" या चौघांना वेगवेगळ्या खुणा करा. टिपण करताना सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. भाषा सोपी करण्याच्या भरात "पूर्वपरवानगीशिवाय करू नये"चं "कळवून करावं" होतं. कळवायचं असेल तर माणूस मेल पाठवून पुढे जाऊ शकतो, परवानगी घ्यायची असेल तर त्याला उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. हा फरक एका शब्दात पुसला जातो, आणि पुढे चौकशीत कर्मचारी तुमचंच टिपण दाखवतो.

तीन जबाबदाऱ्या वेगळ्या करा

खुणा केलेली वाक्यं आता तीन गटांत टाका. पहिला गट स्वतःबद्दल जाहीर करण्याचा: माझं नातं, माझा धंदा, माझी गुंतवणूक. दुसरा नोंद करण्याचा किंवा परवानगी घेण्याचा: आलेली-दिलेली भेट, जेवण, प्रवास. तिसरा गैरप्रकाराची खबर देण्याचा. तिन्ही ठिकाणी मूळ मजकुरात "कळवावे" असंच असतं, पण कळवण्याची जागा वेगळी, मुदत वेगळी आणि न कळवण्याचा परिणामही वेगळा. पहिल्यात फॉर्म भरून मॅनेजर आणि कॉम्प्लायन्सकडे जायचं असतं, दुसऱ्यात नोंदवही किंवा पोर्टल असतं, तिसऱ्यात मॅनेजरला वगळूनही जाता येतं. तिन्ही एकाच "कळवा" या मथळ्याखाली आली की लोक भेटीच्या डब्यासाठी हेल्पलाइनला फोन करतात आणि लाचेच्या संशयाबद्दल थेट साहेबांशी बोलतात, ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्याशीच.

हितसंघर्ष: एक कलम आणि एक प्रसंग

नमुन्यादाखल एक कलम रचून घेऊ. सगळ्या आचारसंहितांत ते जवळपास अशाच थाटात असतं:

> कर्मचाऱ्याने अशी परिस्थिती टाळावी, जीमध्ये त्याचे अथवा त्याच्या नजीकच्या नातेवाइकांचे हितसंबंध कंपनीच्या हिताशी विसंगत आहेत, तसे होण्याची शक्यता आहे अथवा तसे असल्याचे वाजवी व्यक्तीस वाटू शकेल. अशी परिस्थिती उद्भवल्यास ती विनाविलंब लेखी प्रकट करणे व निर्णय होईपर्यंत संबंधित कामकाजापासून अलिप्त राहणे बंधनकारक आहे.

यात तीन पातळ्या आहेत: झालेला संघर्ष, होऊ शकेल असा, आणि बाहेरच्याला तसा दिसेल असा. सार्वजनिक सेवेसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2003 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही याच तीन पातळ्या आहेत. टिपणातून नेमकी तिसरी पातळी उडते, कारण ती मोघम वाटते. ती ठेवाच. "माझ्या मनात काही नव्हतं" हा बचाव तिच्यापुढे टिकत नाही, आणि नव्या माणसाला हे आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरं म्हणजे, पहिल्या वाक्यातलं क्रियापद "टाळावी" आहे. बंधन आहे ते दुसऱ्या वाक्यात: लेखी प्रकट करणं आणि अलिप्त राहणं. घाईत लिहिलेल्या टिपणात "हितसंघर्ष असणे हा नियमभंग आहे" असं वाक्य येतं. ते चुकीचं तर आहेच, शिवाय त्याचा परिणाम उलटा होतो. नातं असणं हाच गुन्हा म्हटल्यावर माणूस ते दडवतो. नाती कुणाला चुकली आहेत?

आता प्रसंग. खरेदी विभागात एक नवी अधिकारी रुजू झाली. तिची नणंद एका पॅकेजिंग कंपनीत भागीदार आहे आणि ती कंपनी आधीपासूनच आपली व्हेंडर आहे. नव्या अधिकाऱ्याकडे काम मात्र यंत्राच्या सुट्या भागांचं. पॅकेजिंगशी तिचा संबंध नाही.

तिला वाटतं, माझ्याकडे ते खातंच नाही तर सांगायचं काय? पण फॉर्ममध्ये "जोडीदाराची भावंडं" असं आहे, म्हणजे नणंद आली. खातं वेगळं असलं तरी विभाग एकच, त्यामुळे संघर्ष संभाव्य आहे आणि बाहेरच्याला दिसण्यासारखाही आहे. रुजू होतानाच फॉर्म भरायचा. कॉम्प्लायन्सचं उत्तर येतं: काम चालू ठेवा, पॅकेजिंगचे व्यवहार सोडून. प्रकरण मिटलं.

सहा महिन्यांनी विभागात फेरबदल होतात आणि पॅकेजिंगच्या टेंडरच्या मूल्यमापन समितीत तिचं नाव येतं. आता संभाव्य संघर्ष प्रत्यक्ष झाला. इथे लोक अडखळतात, कारण त्यांच्या मते फॉर्म भरून झालेला असतो. पण जाहीर केलं होतं ते त्या वेळच्या कामाच्या संदर्भात. काम बदललं, तर नव्याने जाहीर करायचं. वर्षाअखेरीच्या फॉर्मपर्यंत थांबायचं नाही.

आणि "अलिप्त राहणे" म्हणजे काय, तेही टिपणात उघड करून लिहा. मीटिंगमध्ये गप्प बसणं म्हणजे अलिप्त राहणं नव्हे. तिने कोटेशन उघडायची नाहीत, त्या मेलच्या सीसीत राहायचं नाही, समितीच्या बैठकीला बसायचं नाही, सहकाऱ्याला "जरा बघ" म्हणायचं नाही, आणि सिस्टीममध्ये त्या व्हेंडरची बिलं मंजुरीसाठी तिच्याकडे येत असतील तर तो मार्ग बदलून घ्यायचा. हे शेवटचं सगळेच विसरतात. माणूस समितीतून बाहेर पडतो आणि तीन आठवड्यांनी त्याच्याच लॉगिनमधून त्या व्हेंडरचं बिल मंजूर होतं.

एवढ्यावरून टिपणाचा मजकूर असा होतो:

> तुमचं किंवा जवळच्या माणसाचं (नवरा किंवा बायको, आईवडील, मुलं, भावंडं, सासूसासरे, दीर, नणंद, मेहुणा, मेहुणी) आपल्या व्हेंडर, ग्राहक किंवा स्पर्धक कंपनीत काम किंवा भागीदारी असेल, तर फॉर्म भरून मॅनेजर आणि कॉम्प्लायन्स दोघांना पाठवा. असं नातं असणं चूक नाही, ते न सांगणं चूक आहे. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. लेखी उत्तर येईपर्यंत त्या कंपनीचा कोणताही कागद, मेल, बैठक किंवा मंजुरी हाताळू नका. तुमचं काम किंवा त्यांचं काम बदललं की फॉर्म पुन्हा भरा. (कलम 4.2)

नात्यांची यादी तुमच्या फॉर्मप्रमाणे करा. फॉर्ममध्ये चुलत-मावस भावंडं असतील तर ती घाला, नसतील तर मनाने वाढवू नका. "सासरकडचे नातेवाईक" असं एकदाच लिहून सुटू नका. वाचणारा आपल्या मेहुण्याला त्यात धरेलच असं नाही.

जोडधंदा, दुसऱ्या कंपनीचं संचालकपद, स्पर्धकाचे शेअर्स आणि हाताखालच्या माणसाशी प्रेमसंबंध यांना एकेक ओळ पुरते. फक्त जोडधंदा आणि संचालकपद बहुधा आधी परवानगी घेण्याच्या गटात असतात, जाहीर करण्याच्या नाही. तुमच्या खुणा तपासून पाहा.

भेटवस्तू: मर्यादा एक नसते

भेटींच्या बाबतीत टिपणात एकच आकडा लिहायचा मोह होतो. धोरण नीट वाचलं तर तिथे निदान दोन मर्यादा सापडतात: एका वेळची आणि एका देणाऱ्याकडून वर्षभरातली. अमेरिकेच्या संघराज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा नियम याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे न मागता आलेली भेट एका प्रसंगी 20 डॉलरपर्यंत घेता येते, पण एकाच स्रोताकडून वर्षात मिळून 50 डॉलरच्या वर जाता येत नाही, आणि रोख रक्कम तर या सवलतीत बसतच नाही. वस्तू 25 डॉलरची असेल तर वरचे 5 डॉलर आपण भरून ती ठेवून घेण्याचीही सोय नाही. कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, पण घडण हीच असते. टिपणात फक्त 20 लिहिलं, तर वर्षभरात चार वेळा 20 घेणारा माणूस आपण नियमात आहोत असंच समजेल.

आकड्यांच्या आधी ज्या गोष्टी कितीही छोट्या असल्या तरी चालत नाहीत, त्या लिहा. रोख रक्कम आणि रोखीसारखं काहीही, म्हणजे गिफ्ट कार्ड, व्हाउचर, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे. मागून घेतलेलं काहीही. आणि टेंडर किंवा कराराची बोलणी चालू असताना त्या पक्षाकडून आलेलं काहीही, जर तुमच्या धोरणात तसं असेल तर. बहुतेक धोरणांत ते असतं.

पाहुणचाराचं गणित निराळं आहे. व्हेंडरबरोबर जेवण किंवा सामन्याला जाणं हे यजमान स्वतः हजर असेल तरच पाहुणचार. त्याने नुसती तिकिटं पाठवली, तर ती भेटवस्तू, आणि तिला भेटींची मर्यादा लागते. घरी पाठवलेली किंवा जोडीदाराच्या नावाने आलेली भेटही तुमचीच धरली जाते. हे लिहिलेलं नसलं की पार्सलांचे पत्ते बदलतात, पार्सलं येतच राहतात.

मर्यादेपेक्षा मोठी भेट आलीच तर काय करायचं, हे टिपणात क्रमाने यावं: वापरायची नाही, वाटून टाकायची नाही, ठरलेल्या मुदतीत नोंद करायची, आणि परत पाठवता येत असेल तर कंपनीच्या धोरणाचा उल्लेख असलेलं पत्र जोडून पाठवायची. नाशवंत असेल किंवा परत करणं अपमानकारक ठरेल असं वाटत असेल, तर कॉम्प्लायन्सकडे सोपवायची. "सगळ्यांनी मिळून संपवली" हे धोरणात बसेलच असं नाही. तशी मुभा असेल तरी नोंद करायचीच असते. नोंदीत देणाऱ्याचं नाव, वस्तू, अंदाजे किंमत, निमित्त आणि पुढे काय केलं, एवढं पुरतं.

देण्याची बाजू विसरू नका. आचारसंहिता घेण्यावर जेवढी बोलते तेवढीच देण्यावर, पण टिपणात घेणंच उरतं. सरकारी अधिकाऱ्यासाठी वेगळी ओळ असावी आणि ती मर्यादेच्या आकड्यात मिसळू नये, कारण तिथे बहुधा कितीही छोट्या गोष्टीला आधी परवानगी लागते. काम लवकर व्हावं म्हणून हातावर ठेवलेल्या छोट्या रकमेबद्दल अमेरिकेच्या 1977 च्या विदेशी भ्रष्टाचारविरोधी कायद्यात अरुंद अपवाद आहे, ब्रिटनच्या 2010 च्या लाचखोरी कायद्यात तो नाही. अनेक देशांत काम करणाऱ्या कंपन्या म्हणून सरसकट बंदीच घालतात. टिपणात हे कायदे सांगत बसू नका. "कामाला वेग यावा म्हणून कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, मागितले तर त्याच दिवशी कायदा विभागाला कळवा" एवढं पुरे.

गैरप्रकाराची खबर

आधी एक प्रश्न सोडवून घ्या: तुमच्या कंपनीत खबर देणं बंधनकारक आहे की त्यासाठी प्रोत्साहन दिलं जातं? काही आचारसंहितांत माहीत असून गप्प बसणं हाही नियमभंग असतो, काहींत नसतो. टिपणात जे असेल तेच लिहा.

त्यानंतर नव्या माणसाला तीन गोष्टी नक्की सांगा. पुरावा हाती असण्याची गरज नाही, प्रामाणिक आणि सकारण संशय पुरतो. स्वतः तपास करायचा नाही: सहकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये हात घालायचा नाही, संशयिताला विचारायचं नाही, कारण त्याने पुरावे हलतात आणि पुढची चौकशी अडकते. जे कागद किंवा मेल आपल्याकडे आधीच आहेत ते पुसायचे नाहीत. आणि प्रकरण मॅनेजरबद्दल असेल, तर मॅनेजरला वगळून कॉम्प्लायन्स, एचआर किंवा हेल्पलाइन यांपैकी कुठेही जाता येतं. हे चौथं वाक्य झालं, पण ते ठळक अक्षरात छापा.

गोपनीय आणि निनावी यांत गल्लत करू नका. गोपनीय म्हणजे तुमचं नाव मोजक्या लोकांना ठाऊक असतं. निनावी म्हणजे नाव कुणालाच दिलेलं नसतं. टिपणात "तुमचं नाव कधीही उघड होणार नाही" असं लिहिलं, तर तुम्ही धोरणापेक्षा मोठं वचन देता, कारण कायद्याने मागितलं तर कंपनीला नाव द्यावं लागू शकतं. निनावी तक्रार करणाऱ्याला संदर्भ क्रमांक मिळत असेल, तर तो जपायला आवर्जून सांगा. नाहीतर चौकशी करणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारायचा मार्गच उरत नाही.

तक्रारीनंतर काय होतं, तेही दोन वाक्यांत लिहा. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशात पोच 7 दिवसांत आणि पुढची माहिती 3 महिन्यांत द्यावी असं आहे. तुमच्या धोरणात ज्या मुदती असतील त्या लिहा. मुदत लिहिलेली नसली की दोन आठवडे शांतता राहिल्यावर तक्रार करणारा समजतो, दाबलं प्रकरण.

सूड घेण्याला मनाई हे कलम सगळेच उचलतात, पण मोघमपणे. तिथे उदाहरणं द्या: बदली, खराब मूल्यांकन, बैठकांतून वगळणं, कामच न देणं. आणि त्यालाच जोडून दुसरी बाजू: संशय खोटा ठरला तर शिक्षा नाही, खोटं असल्याचं माहीत असून केलेली तक्रार मात्र नियमभंग आहे.

एका वाक्यापासून सांभाळा: "सर्व तक्रारी फक्त अंतर्गत मार्गानेच कराव्यात." ते शिस्तीचं वाटतं म्हणून टिपणात शिरतं, मूळ आचारसंहितेत नसलं तरीही. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाचा 2011 चा नियम कर्मचाऱ्याला नियामकाकडे जाण्यापासून अडवायला मनाई करतो, आणि अडवणारा मजकूर लिहिणंसुद्धा त्यात मोडतं. आधी आत सांगण्याची विनंती करता येते, पण बाहेरचं दार बंद आहे असं सुचवू नका.

टिपण तपासून बघा

दोन पानं तयार झाली की कायदा विभागाकडे नेण्याआधी ती अशा माणसाला द्या ज्याने आचारसंहिता वाचलेली नाही. बरोबर चार प्रसंग द्या: चुलत भावाची कंपनी नवी व्हेंडर होते आहे, घरी गिफ्ट कार्ड आलं, व्हेंडरने सामन्याची दोन तिकिटं पाठवली, मॅनेजर गेल्या तिमाहीची तारीख टाकायला सांगतो आहे. प्रत्येकासाठी त्याने टिपणात बघून सांगायचं: काय करायचं, कुणाकडे जायचं, कधीपर्यंत, कुठल्या फॉर्मवर. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तो जिथे "बहुतेक" म्हणेल, ती ओळ पुन्हा लिहायची. उत्तर ठाम पण चुकीचं आलं, तर गडबड जास्त गंभीर आहे. तिथे तुमच्या सोप्या वाक्याने नियमच बदलला आहे.

मग उलटी तपासणी: टिपणातल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कलम क्रमांक आहे का? जिला क्रमांक देता येत नाही ती ओळ तुमच्या डोक्यातून आली आहे. ती काढा.

खाली छोट्या अक्षरात आचारसंहितेची आवृत्ती, तारीख आणि "मतभेद झाल्यास मूळ आचारसंहिता ग्राह्य" हे लिहा. फॉर्म आणि नोंदवहीच्या लिंक, हेल्पलाइनचा नंबर वरच्या अर्ध्या पानात ठेवा. लिंक कंपनीच्या नेटवर्कबाहेरून उघडते का, हेही पाहा, कारण हेल्पलाइनची गरज असलेला माणूस ऑफिसच्या मशीनवरून ती उघडणार नाही.

सही मात्र या टिपणावर घेऊ नका. सही मूळ आचारसंहितेवरच हवी, आणि शक्य असेल तर जॉइनिंगनंतर आठवड्याभराने, टिपण वाचून माणसाने प्रश्न विचारल्यावर.